पीस लिली : पाण्याविना माना का टाकते, आणि टवटवीत असूनही फुलत का नाही?

एरंडोल : हायवेच्या कडेला असलेल्या नर्सऱ्यांमधून गेल्या काही वर्षांत गावागावात पोहोचलेलं एक कुंडीतलं झाड म्हणजे पीस लिली. गर्द हिरवी, चकचकीत, लांबट पानं आणि मधून उंच दांड्यावर पांढरं फूल. वास्तुशांतीला, वाढदिवसाला, नवीन दुकानाच्या उद्घाटनाला भेट म्हणून हे झाड देतात. घरी आणल्यावर महिना-दीड महिना फूल टिकतं. नंतर दोन तक्रारी सुरू होतात. पहिली, पाणी द्यायला एखादा दिवस उशीर झाला की अख्खं झाड कुंडीच्या कडेवरून खाली लोळतं, जणू कोणी उकळतं पाणी टाकलं. दुसरी, पाणी देऊन झाड उभं राहतं, पानं वाढतात, पण फूल काही पुन्हा येत नाही.

या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध आहे. बहुतेक घरांत पहिल्या तक्रारीवर जो उपाय केला जातो, त्यातूनच दुसरी तक्रार जन्माला येते. ते कसं, हे सविस्तर बघू.

हे झाड मुळात कुठलं?

नावात लिली असली तरी ही लिली नाही. हे झाड अळू आणि सुरणाच्या कुळातलं आहे. त्याचं शास्त्रीय नाव स्पॅथिफायलम. मूळ मुलूख मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली उष्ण, पावसाळी जंगलं. तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत, ओढ्या-नाल्यांच्या काठाला ते वाढतं. वरून कडक ऊन नाही, हवेत कायम दमटपणा आणि पायाशी ओल.

या एका गोष्टीतून त्याचा सगळा स्वभाव कळतो. कोरफडीला पाणी साठवायची सवय लागली, कारण तिच्या मुलखात पाण्याचा भरवसा नव्हता. निवडुंगाचंही तसंच. पीस लिलीला मात्र पाणी साठवण्याची गरजच पडली नाही. तिच्याकडे ना मांसल पान, ना कंद, ना लाकडी खोड. ती रोजच्या रोज पाणी पिणार आणि रोजच्या रोज पानातून सोडणार. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो, हवा कोरडी ठाक असते आणि दुपारी झळा लागतात. ओढ्याकाठच्या झाडाला आपण अशा हवेत आणून ठेवलं आहे, हे लक्षात घेऊनच पुढचं वाचावं.

एकदम का कोसळते?

पीस लिलीचं पान ज्या देठावर उभं असतं, तो देठ लाकडाचा नाही. तो उभा राहतो फक्त आतल्या पाण्याच्या दाबावर. सायकलची ट्यूब हवेने टरटरीत असते तोवर चाक वजन पेलतं, हवा कमी झाली की चपटी होते. देठातल्या आणि पानातल्या पेशी म्हणजे अशाच बारीक बारीक ट्यूब, फक्त त्यात हवेऐवजी पाणी भरलेलं.

पानाखालच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. मुळं तेवढं पाणी वर पाठवत राहिली तर दाब टिकतो. कुंडीतली ओल संपत आली की वर जाणारं पाणी कमी पडतं, वाफ मात्र सुरूच राहते. मग दाब उतरतो. सगळ्या देठांचा दाब साधारण एकाच वेळी उतरत असल्याने झाड हळूहळू सुकताना दिसत नाही. सकाळी ठीक असतं, दुपारी भुईसपाट.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. कडक उन्हात दुपारी केळीची पानं मधल्या शिरेपाशी दुमडून खाली लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा पसरतात. कपाशीही दुपारी माना टाकते आणि सकाळी ताठ असते. तत्त्व तेच. फरक इतकाच की कपाशीला खोल मुळी आहे, केळीला बुंधा आहे. पीस लिलीच्या वाट्याला सहा इंची कुंडीतली दोन-तीन मुठी माती आहे.

पाणी दिल्यावर झाड परत उभं राहतं, कारण पेशी मेलेल्या नसतात, फक्त रिकाम्या झालेल्या असतात. साधारण तास-दोन तासांत देठ उचलायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत किंवा फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत झाड पूर्ववत दिसतं.

पण प्रत्येक कोसळण्याची किंमत असते

झाड उभं राहिलेलं बघून अनेकांना वाटतं, काही बिघडलं नाही. काहीजण तर तीच खूण मानतात, की माना टाकल्या म्हणजे पाणी द्यायचं. एखाद्या वेळी चालतं. दर आठवड्याला असं झालं तर चालत नाही.

कारण जमिनीखाली काय होतं ते आपल्याला दिसत नाही. ज्याला आपण पांढरी मुळी म्हणतो, ती पाणी आणि अन्न उचलणारी बारीक मुळी कोरड पडली की सगळ्यात आधी मरते. जाड मुळं वाचतात. पाणी दिल्यावर झाड त्या जाड मुळांच्या जिवावर उभं राहतं, पण पांढरी मुळी पुन्हा तयार करायला त्याला दिवस लागतात आणि साठवलेलं अन्न खर्च होतं. तोवर पुन्हा कोरड पडली तर पुन्हा तेच.

वरची खूण म्हणजे पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळतात. तो भाग परत हिरवा होत नाही. खालची जुनी पानं पिवळी पडून जातात. कोसळलेलं असताना पानाखालची छिद्रंही बंद असतात, म्हणजे तेवढा वेळ झाड अन्न तयार करत नाही. फूल काढायला झाडाजवळ शिल्लक अन्न लागतं. दर आठवड्याला कर्ज फेडणाऱ्या घरात शिल्लक कुठून पडणार?

ओल्या मातीतही माना टाकते, तेव्हा सावध

इथे सगळ्यात मोठी फसगत होते. माना टाकलेल्या दिसल्या की हात पाण्याच्या तांब्याकडेच जातो. पण पीस लिली कोरडेपणाने जशी कोसळते, तशीच मुळं सडल्यावरही कोसळते. वरून दोन्ही जवळजवळ सारखं दिसतं.

कपाशीतली आकस्मिक मर अनेकांनी पाहिली असेल. बरेच दिवस ताण पडतो, मग जोरदार पाऊस होतो, वावरात पाणी साचतं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या जमिनीत उभी कपाशी सुकते. पाणी भरपूर असतं, पण मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती पाणी उचलत नाहीत. कुंडीत पाणी साचलं की हेच होतं. मग गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते आणि ती सडतात.

म्हणून पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरं घालून बघावं. कोरडं लागलं आणि कुंडी उचलायला हलकी असेल, तर तहान आहे. ओलं लागलं, कुंडी जड असेल आणि तरीही पानं पडलेली असतील, तर पाणी अजिबात देऊ नये. झाड हळूच कुंडीतून काढून मुळं बघावीत. चांगली मुळी पांढरट आणि घट्ट असते. सडलेली तपकिरी-काळी, मऊ असते, बोटात धरून ओढली की वरची साल निघून येते आणि आतला दोरा हातात राहतो. वासही येतो.

सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत, उरलेल्या मुळांच्या मानाने लहान कुंडी घ्यावी, भुसभुशीत मिश्रणात लावावं आणि बाहेरची तीन-चार जुनी पानं बुडापासून काढून टाकावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार कमी होतो. अर्ध्याहून अधिक मुळं घट्ट असतील तर झाड बहुधा वाचतं. सगळीच गेली असतील तर वाचवणं अवघड.

तहानलेल्या झाडाला पाणी कसं द्यावं

नर्सरीतून येणारी पीस लिली बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये असते. कोकोपीट पार वाळलं की आकसतं आणि कुंडीच्या कडेला फट पडते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, पण मधला गोळा कोरडाच राहतो. दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा आडवं.

अशा वेळी बादलीत किंवा घमेल्यात कुंडीच्या निम्म्या उंचीइतकं पाणी घ्यावं आणि त्यात कुंडी अर्धा ते पाऊण तास ठेवावी. पाणी खालच्या भोकांतून वर चढतं. वरची माती ओली दिसली की कुंडी काढून निथळायला ठेवावी. झाड कोसळलेलं असताना उन्हात ठेवू नये आणि खत देऊ नये. मेलेल्या पांढऱ्या मुळीवर खताचं पाणी गेलं तर उरलेलीही भाजते.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर धरलेला दिसला तर समजावं की क्षार साचत आहेत. पानांची टोकं जळण्याचं तेही एक कारण. पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पाणी ड्रमात धरून ठेवलं तर या झाडासाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. ते नसेल तर महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून तीन-चार वेळा भरपूर पाणी वरून सोडावं, म्हणजे क्षार धुऊन जातील. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र या झाडाला घालू नये, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

मग फूल का येत नाही?

आता दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. आधी फूल म्हणजे काय ते पाहू. पांढरी जी पाकळी दिसते ती पाकळी नाही, ते रंग बदललेलं पान आहे. खरी फुलं मधल्या कणसासारख्या दांड्यावर असतात, बारीक बारीक, दाटीने. त्यामुळे पांढरा भाग काही आठवड्यांनी हिरवा पडायला लागला तर तो रोग नाही. ते पान आपलं वय दाखवतंय. असं झालं की तो दांडा बुडापासून कापावा.

फूल न येण्याचं पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे उजेड कमी. नर्सरीवाले सांगतात, हे सावलीतलं झाड आहे, घरात कुठेही ठेवा. त्यातलं पहिलं वाक्य खरं, दुसरं अर्धवट. जंगलातली सावली म्हणजे मोकळ्या आभाळाखालची सावली. तिथे थेट ऊन नसतं, पण उजेड चहूबाजूंनी येतो. शेडनेटच्या आतल्या उजेडासारखा. आपल्या घरातली सावली वेगळी. जुन्या धाब्याच्या घरात जाड भिंती आणि हातभर खिडकी. मधल्या घरात दिवसाही लाईट लावावा लागतो. तिथे पीस लिली मरत नाही, पण तिचं भागतं तेवढंच. रोजचा खर्च निघतो, शिल्लक काही पडत नाही. म्हणून पानं राहतात, फूल येत नाही.

उजेड मोजायला सोपी पद्धत आहे. सकाळी अकराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्या वर एक फूट अंतरावर हात धरावा. हाताची सावली दिसलीच नाही किंवा नुसता धुरकट डाग दिसला, तर तिथे फूल येणार नाही. सावली दिसली, बोटं ओळखू आली, पण कडा मऊ असतील, तर जागा बरोबर. सावली काळी कुळकुळीत आणि कडा धारदार असतील, तर तिथे थेट ऊन आहे, पानं भाजतील. मोबाईलमध्ये लक्स मोजणारं अॅप असेल तर तेही ढोबळ अंदाजाला चालतं. मधल्या घरात आकडा बऱ्याचदा दोन-तीनशेच्या आत असतो. खिडकीजवळ किंवा ओसरीवर तो काही हजारांत जातो. नर्सरीच्या शेडनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. डोळ्याला हा फरक एवढा वाटत नाही, कारण आपला डोळा अंधाराला लगेच सरावतो. झाड सरावत नाही.

नर्सरीत फूल होतं, ते कसं?

इथे एक गोष्ट बहुतेक ग्राहकांना माहीत नसते. विकायला ठेवलेल्या पीस लिलीला फूल असतं, ते नेहमीच आपसूक आलेलं नसतं. जिब्रेलिक अॅसिड, ज्याला द्राक्षवाले नुसतं जीए म्हणतात, त्याची फवारणी करून मोठ्या नर्सऱ्या सगळ्या रोपांना एकाच वेळी फुलवू शकतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास जीए फवारलं की साधारण तीन महिन्यांत फुलं येतात, असं त्यात दिसलं. ठरलेल्या सणाला किंवा सीझनला माल फुलावर आणायला ही पद्धत जगभर वापरात आहे.

याचा अर्थ असा की आपण घरी आणलेलं रोप कधीकधी वयाने लहान असतानाच फुलवलेलं असतं. औषधाचा जोर संपला की ते आपल्या नैसर्गिक चालीवर येतं. मग त्याला वाढून, नवे फुटवे काढून, स्वतःच्या जिवावर फुलायला वर्ष किंवा जास्तही लागू शकतं. म्हणजे पहिल्या फुलानंतर सहा-आठ महिने काही आलं नाही तर झाड बिघडलं असं समजू नये.

आता कोणी म्हणेल, जीए तर कृषी केंद्रात मिळतं, आपणच फवारू. तसं करू नये. मात्रा थोडी चुकली की फुलं वाकडी-तिकडी येतात, देठ लांबुडके होतात. आणि अंधारात ठेवलेल्या झाडाला जबरदस्तीने फुलवलं तर त्याची उरलीसुरली शिल्लकही जाते.

खताचा गैरसमज

शेतकरी घरात आणखी एक प्रकार होतो. फूल येत नाही म्हणून चिमूटभर युरिया टाकला जातो. युरियाने पान येतं, फूल नाही. कुंडीतल्या दोन मुठी मातीत चिमूटभर युरियाही जास्त होतो आणि टोकं जळतात. दुसरा प्रकार म्हणजे ड्रिपमधून सोडायचं बावन्न-चौतीस उरलेलं असतं, ते फुलासाठी म्हणून घालतात. कपाशीला, केळीला त्याचा जो काही उपयोग असेल तो भर उन्हात वाढणाऱ्या पिकाला असतो. अंधाऱ्या खोलीत त्याने फूल येत नाही. आधी उजेड, मग खत. उजेड बरोबर असेल तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही माती ओली असताना, एवढं पुरे. डिसेंबर-जानेवारीत ते पण बंद ठेवावं.

एक कुंडी, दहा महिने

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या घरी हे सगळं एकाच कुंडीत घडलं, म्हणून तो हिशेब इथे देतो. फेब्रुवारीत घरभरणीला भेट आलेली, सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीतली, दोन फुलांची पीस लिली. आधी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. मार्च संपता संपता दुपारचं ऊन पानांवर यायला लागलं आणि झाड दर दुसऱ्या दिवशी आडवं पडायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हाई झाड रोज मरस नि रोज जित्तं व्हस." म्हणून त्यांनी ते उचलून मधल्या घरात नेलं. तिथे कोसळणं कमी झालं. घरातल्यांना वाटलं, जमलं. पण कमी का झालं? उजेड कमी, उष्णता कमी, म्हणून वाफ कमी. आणि त्याच कारणाने अन्नही कमी. एप्रिल-मे-जून तीन महिने एकही नवं फूल नाही आणि नवी पानं लहान, देठ मात्र लांब. उजेड शोधत झाड ताणलं जातंय, याची ही खूण.

जूनच्या अखेरीस कुंडी पूर्वेच्या ओसरीवर आणली. सकाळी साडेआठपर्यंत कोवळं ऊन, नंतर दिवसभर उजेड पण ऊन नाही. कागदावर हाताची सावली मऊ कडांची. पाण्याचा अंदाज यावा म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर कुंडी तोलली. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर वजन १ किलो ६०० ग्रॅम भरलं. झाड माना टाकतं तेव्हा ९०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच्या अलीकडे, ११०० ग्रॅमला पाणी द्यायचं असं ठरलं. चार-पाच वेळा तोलल्यावर वहिनींच्या हातालाच वजन कळायला लागलं, मग काट्याची गरज उरली नाही.

त्यातून असं दिसलं की पावसाळ्यात ५०० ग्रॅम पाणी उडायला नऊ-दहा दिवस लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात सहा दिवस, डिसेंबरात पुन्हा आठ-नऊ दिवस. पुढच्या एप्रिलमध्ये चौथ्या दिवशीच पाणी लागणार हे तेव्हाच ध्यानात आलं. म्हणजे दर सोमवारी पाणी, अशा ठरावीक वाराचा या झाडाला उपयोग नाही. शेतात आपण जसा वाफसा बघून पाळी घालतो, तसंच इथेही.

डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली जायला लागला तेव्हा कुंडी रात्री घरात घेतली, कारण या झाडाला बारा-तेराच्या खालची थंडी सोसत नाही, पानं काळपट पडतात. सकाळी पुन्हा ओसरीवर. पानांची रुंदी सप्टेंबरपासूनच वाढली होती, तीन नवे फुटवे आले होते. जूनपासून मोजलं तर दहाव्या महिन्यात, मार्चअखेरीस, एका फुटव्याच्या देठाच्या बगलेतून गुंडाळलेलं, फिकट हिरवं टोक वर आलं. पान गुंडाळून येतं तेही टोकदारच असतं, पण फुलाचं टोक मधोमध जरा फुगीर असतं, त्यावरून ओळखलं. दोन आठवड्यांत ते पांढरं उघडलं. एकच फूल आलं, पण ते फवारणीचं नव्हतं.

कुंडी आणि माती

फूल येत नाही म्हणून अनेकजण झाड मोठ्या कुंडीत हलवतात. त्याने उलटच होतं. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती जास्त, ती लवकर वाळत नाही आणि सडीचा धोका वाढतो. झाडही आधी मुळं पसरवण्यात वेळ घालवतं. पाणी दिल्यावर दोन दिवसांतच माना टाकायला लागली, खालच्या भोकांतून मुळं बाहेर आली, तरच कुंडी बदलावी, आणि तीही फक्त दोन इंच मोठी घ्यावी. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याची सुरुवात ही वेळ बरी.

शेतातली काळी माती घालू नये. कपाशीला ती सोनं आहे, कुंडीत ती शिक्षा आहे. ओली असताना चिखल होते, हवा जात नाही. वाळली की भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळ्या तुटतात. दोन वाटे कोकोपीट, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक वाटा जाड वाळू, हे मिश्रण चालतं. कुंडीला खाली भोकं असलीच पाहिजेत. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साचून राहत असेल तर ते दर वेळी ओतून टाकावं.

लेकरं आणि शेळ्या

शेवटी एक सूचना. अळूचं कच्चं पान चावलं की घशाला खाज येते, तीच गोष्ट या झाडाच्या पानात आहे. सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडाला, जिभेला टोचतात, आग होते, लाळ गळते. ओसरीवर ठेवताना रांगत्या लेकराचा हात पोहोचणार नाही आणि शेळी-बोकड तोंड घालणार नाहीत, इतक्या उंचीवर ठेवावं. लेकराने पान चावलंच तर तोंड पाण्याने धुवावं, थंड पाणी किंवा दूध द्यावं, आणि सूज किंवा श्वासाचा त्रास दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. कापाकापी केल्यावर हातही धुवावेत.

घरातल्या कुंडीसाठी थोडक्यात

माना टाकल्या की आधी बोट मातीत, मग पाणी. कोरडी असेल तर घमेल्यात अर्धा-पाऊण तास. ओली असेल तर मुळं तपासायची. कोसळणं टाळण्यासाठी झाड अंधारात नेऊ नये, ऊन टाळून उजेडात ठेवावं आणि वजन बघून पाणी द्यावं. जागा बदलल्यावर नवी पानं आधीपेक्षा रुंद यायला लागली तर जागा बरोबर आहे असं समजून पुढचे आठ-दहा महिने कुंडी हलवू नये. दोन-तीन महिन्यांनीही नवी पानं लहान आणि देठ लांबच येत असतील, तर कुंडी अजून उजेडाकडे सरकवावी.